फंड ‘निफ्टीपेक्षा पुढे’ असेल, तर तो नक्की कशाच्या पुढे आहे? बेंचमार्क तपासायची रीत

व्हॉट्सॲपवर फिरणारं एक नेहमीचं चित्र घेऊ. एका फ्लेक्सी कॅप फंडाचा उंच हिरवा खांब आणि त्याच्या शेजारी निफ्टी ५० चा बुटका करडा खांब. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: ‘५ वर्षांपूर्वीच्या १ लाखाचे आज २.२९ लाख! निफ्टीत फक्त १.७६ लाख.’ फंड काल्पनिक आहे आणि पुढच्या हिशोबासाठी त्याचे आकडे मी सोयीने घेतले आहेत. चित्राचा घाट मात्र तुम्ही शंभरदा पाहिलेला असेल.

अशा चित्रातला आकडा सहसा खोटा नसतो. गफलत असते ती फंडाशेजारी कुणाला उभं केलंय त्यात. तुलनेसाठी शेजारी उभ्या केलेल्या या निर्देशांकालाच बेंचमार्क म्हणतात. म्हणून हे एकच चित्र घेऊन पायरी-पायरीने करडा खांब बदलत जाऊ आणि हिरवा खांब किती उंच उरतो ते पाहू. चक्रवाढ वार्षिक दराने बोलायचं तर फंडाचा परतावा वर्षाला १८ टक्के आणि निफ्टीचा १२ टक्के आहे, म्हणजे चित्रातला फरक वर्षाला ६ टक्क्यांचा आहे.

पायरी १: लाभांश धरलाय का ते बघा

पेपरात आणि टीव्हीवर दिसणारा निफ्टी फक्त शेअर्सच्या किमती मोजतो. त्या ५० कंपन्या वर्षभरात जो लाभांश वाटतात, तो त्यात येत नाही. फंडाला मात्र तो लाभांश रोख मिळतो आणि एनएव्हीत, म्हणजे फंडाच्या एका युनिटच्या किमतीत, जमा होतो. म्हणजे एकाच्या हिशोबात लाभांश आहे आणि दुसऱ्याच्या नाही, आणि तरी दोघांची तुलना चाललेली.

यावर उपाय आहे टोटल रिटर्न इंडेक्स, बाजाराच्या बोलीत टीआरआय. मिळालेला लाभांश पुन्हा त्याच निर्देशांकात गुंतवला, असं धरून तो काढतात. सेबीने जानेवारी २०१८ मध्ये परिपत्रक काढलं आणि १ फेब्रुवारी २०१८ पासून फंडांना आपल्या कामगिरीची तुलना टीआरआयशीच करायला लावली. त्याआधी वर्षानुवर्षं किंमत निर्देशांकाशीच तुलना चालायची आणि त्यातून प्रत्येक फंडाला एक-सव्वा टक्क्याची फुकटची आघाडी मिळायची.

फंड कंपनीच्या अधिकृत जाहिरातीत आता टीआरआयच सापडेल. फॉरवर्ड होणाऱ्या चित्रांत, यूट्यूबच्या थंबनेलमध्ये किंवा एखाद्या विक्रेत्याने एक्सेलमध्ये स्वतः बनवलेल्या तक्त्यात ती खात्री नाही. ओळखायची खूण सोपी आहे. निर्देशांकाच्या नावापुढे ‘टीआरआय’ किंवा ‘टोटल रिटर्न’ असं लिहिलेलं नसेल, तर तो किंमत निर्देशांक आहे असंच समजून चाला.

आपल्या चित्रात ‘निफ्टी’ एवढंच लिहिलंय. लाभांशाचे वर्षाला १.३ टक्के धरले, तर निफ्टी ५० टीआरआयचा परतावा १३.३ टक्के होतो आणि १ लाखाचे होतात साधारण १.८७ लाख. करडा खांब एका फटक्यात अकरा हजारांनी वाढला आणि सहाचा फरक ४.७ वर आला.

टीआरआयचे जुने आकडे niftyindices.com वर ऐतिहासिक माहितीच्या विभागात फुकट मिळतात. तिथे किंमत निर्देशांक आणि टीआरआय यांचे तक्ते वेगवेगळे आहेत. घाईत पहिलाच तक्ता उतरवून घेतला की पुन्हा तीच चूक होते, म्हणून नाव नीट वाचून घ्या.

पायरी २: फंडाचा वर्ग आणि त्याचा ठरलेला बेंचमार्क

निफ्टी ५० म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी ५०. आपला फंड फ्लेक्सी कॅप आहे, म्हणजे मोठ्या, मध्यम, लहान अशा कुठल्याही कंपन्या त्याला घेता येतात. मिडकॅप-स्मॉलकॅपची तेजी असताना अशा फंडाने निफ्टी ५० ला मागे टाकणं म्हणजे सातवीतल्या पोराने चौथीच्या वर्गात शर्यत जिंकण्यासारखं आहे.

कोण मोठं, कोण मध्यम हे सेबीने ऑक्टोबर २०१७ मध्ये ठरवून दिलं. बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्या लार्जकॅप, १०१ ते २५० मिडकॅप आणि २५१ पासून पुढच्या सगळ्या स्मॉलकॅप. ही यादी ॲम्फी ही फंड कंपन्यांची संघटना दर सहा महिन्यांनी नव्याने काढते. पुढे ऑक्टोबर २०२१ च्या परिपत्रकाने बेंचमार्कचेही दोन स्तर झाले आणि ते १ डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. पहिला स्तर फंडाच्या वर्गाला अनुरूप असा निर्देशांक. दुसरा स्तर ऐच्छिक, म्हणजे व्यवस्थापकाची शैली किंवा धोरण दाखवणारा.

नवख्याने पहिला स्तर पाहिला तरी पुरे. लार्जकॅप फंडाला निफ्टी १०० टीआरआय, मिडकॅपला निफ्टी मिडकॅप १५० टीआरआय, स्मॉलकॅपला निफ्टी स्मॉलकॅप २५० टीआरआय आणि फ्लेक्सी कॅपला निफ्टी ५०० टीआरआय. बीएसईचे याच तोडीचे निर्देशांकही चालतात. फंडाचा बेंचमार्क कोणता, हे फंडाच्या दरमहा निघणाऱ्या माहितीपानावर, म्हणजे फॅक्टशीटवर, व्यवस्थापकाच्या नावाच्या आसपास लिहिलेलं असतं.

मग जाहिरातीत निफ्टी ५० येतो कुठून? तो ‘अतिरिक्त बेंचमार्क’ म्हणून येतो. इक्विटी फंडांना आपल्या बेंचमार्कसोबत निफ्टी ५० किंवा सेन्सेक्सचा टीआरआयही दाखवावा लागतो, म्हणजे सामान्य माणसाला बाजाराची ढोबळ कल्पना यावी. हेतू चांगलाच आहे. पण तीन खांबांच्या चित्रातून मधला, म्हणजे खरा बेंचमार्क, कातरून टाकला की उरतात ते दोनच खांब. फॉरवर्ड चित्रांत नेमका तोच गाळलेला असतो. मला तरी हा योगायोग वाटत नाही.

आपल्या उदाहरणात त्याच पाच वर्षांत निफ्टी ५०० टीआरआयने १६.२ टक्के दिले असं धरू. १ लाखाचे २.१२ लाख झाले. फंडाची आघाडी आता १.८ टक्क्यांची राहिली. पाच वर्षं टिकलेली १.८ ची आघाडी वाईट मुळीच नाही. पण सहाच्या जाहिरातीवर पैसे भरायला निघालेल्या माणसाने निघण्याआधी एवढं माहीत करून घ्यावं.

पायरी ३: पोटात काय आहे ते उघडून बघा

खरी गंमत इथे आहे आणि बहुतेक लोक इथपर्यंत येतच नाहीत. फॅक्टशीटमध्ये लार्ज, मिड आणि स्मॉलकॅपमध्ये किती टक्के पैसा आहे याचा तक्ता असतो. आपल्या काल्पनिक फंडात तो असा आहे: लार्जकॅप ४५, मिडकॅप २५, स्मॉलकॅप ३० टक्के.

निफ्टी ५०० हा निर्देशांक बाजारमूल्याच्या वजनाने बनतो. त्यामुळे नावात ५०० असले, तरी त्याचा साधारण सत्तर टक्के भार पहिल्या शंभर कंपन्यांवरच पडतो. आपल्या फंडाची ठेवण त्यापेक्षा बरीच लहान कंपन्यांकडे झुकलेली आहे. तिच्या जवळ जाणारा निर्देशांक म्हणजे निफ्टी ५०० मल्टीकॅप ५०:२५:२५ टीआरआय. यात लार्जकॅपला ५०, मिडकॅपला २५ आणि स्मॉलकॅपला २५ टक्के वजन असतं, आणि मल्टीकॅप फंडांसाठी तोच वापरतात. या निर्देशांकाने पाच वर्षांत १८.४ टक्के दिले असं धरलं, तर १ लाखाचे २.३३ लाख होतात. आपला फंड २.२९ वर आहे. म्हणजे साधारण तशाच मिश्रणाच्या यांत्रिक निर्देशांकापेक्षा तो थोडा मागेच पडला.

यावर व्यवस्थापक म्हणेल, ‘लहान कंपन्यांत जास्त पैसा ठेवायचा निर्णय माझाच होता. त्याचं श्रेय मला का नाही?’ म्हणणं रास्त आहे. फ्लेक्सी कॅपमध्ये कुठे किती पैसा घालायचा ते ठरवणं हेच त्याचं काम, आणि म्हणून त्याच्या कामाचा अधिकृत न्याय निफ्टी ५०० टीआरआयवरच व्हायला हवा. पण तुमचा प्रश्न वेगळा आहे. हा जादा परतावा शेअर निवडण्याच्या कसबातून आला की नुसती लहान कंपन्यांची हवा अंगावर घेतल्याने आला, हे तुम्हाला कळायला हवं. पहिलं असेल तर ते पुढेही टिकण्याची थोडी आशा असते. दुसरं असेल तर हवा फिरली की तेच उलटं अंगावर येतं. २०१८ या एका वर्षात निफ्टी ५० सुमारे ३ टक्के वर होता आणि निफ्टी स्मॉलकॅप २५० साधारण एक चतुर्थांशाने खाली गेला. त्या वर्षी ‘निफ्टीपेक्षा किती पुढे’ अशी चित्रं लहान कंपन्यांकडे झुकलेल्या फंडांनी काढली नसणार.

फॅक्टशीटमधला तक्ता आजचा असतो, पाच वर्षांचा नाही, हेही ध्यानात असू द्या. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या फॅक्टशीटही फंड कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतात. दर वर्षाची एक उघडून झुकाव कायमचा आहे की नुकताच आलाय ते बघा.

पायरी ४: तारखा

इथे खरे आकडे घेतो, कारण ते काल्पनिक आकड्यांपेक्षा जास्त बोलतात.

३१ डिसेंबर २०१९ ला निफ्टी ५० बंद झाला १२,१६८ वर आणि ३१ डिसेंबर २०२४ ला २३,६४५ वर. पाच वर्षांचा चक्रवाढ दर १४.२ टक्के. आता दोन्ही तारखा फक्त तीन महिन्यांनी पुढे सरकवा. मार्च २०२० च्या अखेरीस निफ्टी ८,५९८ होता आणि मार्च २०२५ च्या अखेरीस २३,५१९. दर येतो २२.३ टक्के.

शेवटचा आकडा जवळपास तोच आहे, उलट थोडा कमीच. तरी परतावा आठ टक्क्यांनी वाढला, कारण सुरुवातीची तारीख कोविडच्या पडझडीच्या तळाजवळ जाऊन बसली. या तीन महिन्यांत कुठलाही व्यवस्थापक एकाएकी हुशार झाला नव्हता. मार्च २०२५ च्या अखेरीचा पाच वर्षांचा आकडा दाखवणारं कुठलंही चित्र हाताशी असेल, तर हे आठवा.

बेंचमार्कही त्याच तारखांचा असेल तर तळाचा फायदा दोघांना सारखा मिळतो आणि तुलना बऱ्यापैकी टिकते. म्हणून फंड आणि बेंचमार्क यांच्या सुरुवातीच्या व शेवटच्या तारखा एकच आहेत ना, हे आधी बघा. त्यानंतर एक काम स्वतः करा. फंडाची एनएव्ही amfiindia.com वरून घ्या, टीआरआय निफ्टीच्या संकेतस्थळावरून घ्या आणि दर वर्षाच्या ३१ डिसेंबरचे (सुट्टी असेल तर आधीच्या दिवसाचे) आकडे शेजारी-शेजारी मांडा. त्यातून प्रत्येक सलग तीन वर्षांचा दर काढा. आकडे B2 आणि B5 मध्ये असतील, तर सूत्र एवढंच:

```
=(B5/B2)^(1/3)-1
```

ते खाली ओढत न्या. दहा वर्षांची माहिती घेतली, तर तीन वर्षांचे आठ तुकडे मिळतात. फंड आठपैकी सहा वेळा बेंचमार्कच्या पुढे असेल तर त्यात दम आहे. आठपैकी दोनच वेळा पुढे असेल आणि त्यातली एक वेळ जाहिरातीत आली असेल, तर तुम्हाला उत्तर मिळालं. अर्ध्या तासाचं काम आहे. तयार ‘रोलिंग रिटर्न’ दाखवणारी संकेतस्थळं आहेत, पण पहिल्यांदा हे हाताने केलेलं बरं. त्याने आकड्यांची भीती मोडते.

पायरी ५: खर्च कोणाचा धरलाय

जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेत डायरेक्ट आणि रेग्युलर असे दोन प्लॅन असतात. पोर्टफोलिओ एकच असतो, पण रेग्युलरमधून वितरकाचं कमिशन जात असल्याने त्याची एनएव्ही हळूहळू मागे पडत जाते. चित्रातला १८ टक्क्यांचा आकडा डायरेक्ट प्लॅनचा असेल आणि ते चित्र तुम्हाला वितरकाने पाठवलं असेल, तर तुमच्या हाती तो परतावा येणार नाही. दोन्हींतला फरक वर्षाला ०.८ टक्के धरला, तर तुमचा दर १७.२ होतो आणि निफ्टी ५०० टीआरआयवरची आघाडी एका टक्क्यावर येते. वितरकाने सल्ला, कागदपत्रं, पाठपुरावा असं काम केलं असेल तर त्याचे पैसे जाणारच. तुलना मात्र तुम्ही घेणार त्याच प्लॅनची व्हायला हवी.

दुसऱ्या बाजूचा न्यायही करू. निर्देशांकाला खर्च नसतो आणि निर्देशांक थेट विकत घेता येत नाही. तुमच्यासमोरचा खरा पर्याय म्हणजे त्या निर्देशांकावरचा इंडेक्स फंड, आणि त्यालाही थोडा खर्च असतो आणि तो निर्देशांकापेक्षा थोडा मागे राहतो. त्यामुळे अगदी काटेकोर व्हायचं असेल, तर बेंचमार्कमधून इंडेक्स फंडाचा खर्च वजा करून मग बघा.

जाहिरातीत आणखी काय दिसतं

काही युक्त्या अशा आहेत की त्यांना पायऱ्या लागत नाहीत, एक नजर पुरते.

‘१० वर्षांत १८० टक्के!’ हा एकूण परतावा आहे. चक्रवाढीने तो वर्षाला १०.८ टक्केच होतो. शेजारी बँकेच्या मुदत ठेवीचा ‘७ टक्के’ हा वार्षिक दर छापलेला असेल, तर दोन वेगळ्या एककांची तुलना चालली आहे. शिवाय मुदत ठेव हा शेअर फंडाचा बेंचमार्क होऊच शकत नाही, कारण तिच्यात मुद्दल एका वर्षात चतुर्थांशाने उतरत नाही.

एसआयपीचा आकडा निर्देशांकाच्या एकरकमी आकड्याशेजारी ठेवलेला असतो. एसआयपीत प्रत्येक हप्ता वेगळ्या तारखेला जातो, म्हणून तिचा दर एक्सेलमधल्या एक्सआयआरआर या सूत्राने काढतात. बेंचमार्कसाठीही तेच हप्ते, त्याच तारखांना टीआरआयमध्ये टाकले असते तर काय झालं असतं, हा हिशोब हवा. फॅक्टशीटच्या एसआयपीच्या तक्त्यात तो दिलेला असतो. चित्रात नसतो.

‘स्थापनेपासून’चा आकडा जुन्या फंडांना फार आवडतो. १९९० च्या दशकात सुरू झालेला फंड तेव्हा लहान होता, नियम वेगळे होते, व्यवस्थापक वेगळे होते. त्यात २०१७ च्या वर्गीकरणानंतर कित्येक योजनांचं नाव आणि स्वरूपही बदललं. शिवाय निफ्टी ५० ची टीआरआय मालिका ३० जून १९९९ पासूनच आहे. त्याआधीच्या काळासाठी किंमत निर्देशांक जोडून दर काढला आहे, असं त्या आकड्याखाली बारीक टिपेत लिहिलेलं सापडेल. मी ‘स्थापनेपासून’चा रकाना सरळ सोडून देतो.

नव्या इंडेक्स फंडाच्या एनएफओत, म्हणजे पहिल्या विक्रीत, फंडाला इतिहास नसतो, म्हणून निर्देशांकाचा इतिहास दाखवतात. निफ्टी २०० मोमेंटम ३० चं उदाहरण घ्या. त्याची आधारतारीख १ एप्रिल २००५ आहे, पण तो सुरू झाला ऑगस्ट २०२० मध्ये. म्हणजे आधीची पंधरा वर्षं हा मागे वळून केलेला हिशोब आहे, तेव्हा त्या नियमांवर कुणाचाच पैसा चालत नव्हता. जो नियम भूतकाळात वाईट दिसला असता, त्याचा निर्देशांक कुणी बाजारात आणलाच नसता. निर्देशांकाच्या माहितीपत्रकात आधारतारीख आणि सुरुवातीची तारीख अशा दोन वेगळ्या तारखा असतात. आलेख बघताना दुसऱ्या तारखेपाशी बोटाने एक उभी रेघ मारा आणि फक्त तिच्या उजवीकडचं बघा. कित्येकदा उजवीकडे बघण्यासारखं फारसं काही उरत नाही.

अधिकृत जाहिरातीत १, ३ आणि ५ वर्षांचे दर, बेंचमार्क, अतिरिक्त बेंचमार्क, १०,००० रुपयांचं काय झालं आणि जोखीम दाखवणाऱ्या योजनेच्या रिस्कोमीटरशेजारी बेंचमार्कचा रिस्कोमीटर, एवढं सगळं सापडतं. तुमच्याकडे आलेल्या चित्रात त्यातलं काही गायब असेल, तर पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: ‘याच तारखांचा, याच प्लॅनचा, पहिल्या स्तराच्या बेंचमार्कच्या टीआरआयबरोबरचा तक्ता पाठवता का?’ नीट काम करणारा वितरक फॅक्टशीटचं ते पान दोन मिनिटांत पाठवतो. ‘अहो, त्यात कशाला पडता, गेल्या वर्षीचाच आकडा बघा ना’ असं उत्तर आलं, तर ते पान तुम्ही स्वतः फंड कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. नोंदणीकृत वितरकाने किंवा फंड कंपनीनेच दिशाभूल करणारी तुलना छापली असेल, तर आधी फंड कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथे समाधान झालं नाही तर सेबीचं स्कोअर्स पोर्टल आहे. तक्रारीसोबत मूळ चित्र आणि त्याच महिन्याची फॅक्टशीट जोडायला विसरू नका.